वॅड फाइलची कुळकथा

खेळ संपला की त्याचं झाकण उघडून आतली जुळणी चाचपायची खोड काहींना असते. अशांसाठी मुद्दाम सोय ठेवलेल्या खेळांमध्ये ‘डूम’चं नाव आधी घ्यावं लागेल.

त्याआधी, १९९२ मध्ये, आयडी सॉफ्टवेअरचा ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ आला. हौशी लोकांनी त्याच्या फायली उकलून नवे नकाशे केले, पण ते मूळ फायलींवरच लिहावे लागत. जुना खेळ परत हवा तर त्याची प्रत आधी जपून ठेवायची. हा उद्योग आयडीचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक याला आवडला. १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ आला तेव्हा त्याने खेळ चालवणारा प्रोग्रॅम आणि खेळाचा मालमसाला वेगळे केले होते. नकाशे, चित्रं, आवाज, संगीत हे सगळं एका `.wad` फाइलमध्ये होतं.

आत पाहिलं तर रचना साधी आहे. सुरुवातीच्या १२ बाइटांत तीन गोष्टी असतात: `IWAD` किंवा `PWAD` ही खूण, आतल्या नगांची संख्या आणि त्यांची यादी कुठे आहे तो पत्ता. यादीत प्रत्येक नगाचं ठिकाण, आकार आणि आठ अक्षरांपर्यंतचं नाव. पहिल्या नकाशाच्या संगीताचं नाव `D_E1M1`. त्याच नावाचा एकच नग असलेली `PWAD` फाइल करा आणि खेळ असा सुरू करा:

```
doom -file gaane.wad
```

खेळ नावं शोधतो ती यादीच्या शेवटाकडून. तुमची फाइल नंतर जोडलेली, म्हणून तुमचं गाणं आधी सापडतं आणि तेच वाजतं. मूळ फाइलला धक्काही लागत नाही. पुढचा सगळा पसारा या एवढ्याशा युक्तीवर उभा राहिला. (फुकट वाटलेल्या आवृत्तीत मात्र `-file` चालत नसे, आधी खेळ विकत घ्या, असं ती स्पष्ट सांगे. धंदाही सांभाळायचा होता.)

राक्षसांच्या चित्रांपाशी युक्ती अडली. ती चित्रं खेळ `S_START` आणि `S_END` या दोन खुणांच्या मध्येच शोधायचा. तुमच्या फाइलमध्ये त्या खुणा घालून एकच राक्षस ठेवला, तर बाकीचे गायब समजून खेळ बंद पडे. मग सगळी चित्रं एका फाइलमध्ये ओतून देणारी अवजारं लोकांनीच लिहिली. नकाशाचंही तसंच. भिंत सरकवली की `NODES` हा नग नव्याने बांधावा लागतो, कारण कोणती भिंत आधी रंगवायची ते त्यावरून ठरतं. तो जुनाच राहिला तर भिंती गायब होतात किंवा खेळ कोसळतो.

राक्षसाची ताकद वा चाल प्रोग्रॅममध्येच कोरलेली होती. तिथे हात घालायला ‘डीहॅकएड’ या अवजाराला थेट `doom.exe` बदलावी लागली. डिसेंबर १९९७ मध्ये कारमॅकने मूळ कोडच खुला केला, तेव्हा हीही अडचण मिटली.

खुला झाला तो कोड, मालमसाला नाही. `doom.wad` आजही विकतच घ्यावी लागते. ती नको असेल तर ‘फ्रीडूम’ची मोफत फाइल घ्या, आणि पहिला बदल संगीताचाच करा, त्यात `NODES`ची भानगड नाही.