‘रामचरिता’तील एक श्लिष्ट श्लोक आणि इतिहासकाराचे वाचन

संध्याकर नंदी याच्या ‘रामचरिता’ची पोथी महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांना १८९७ मध्ये नेपाळात मिळाली व १९१० मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. काव्य आर्या वृत्तात आहे आणि त्यातील श्लोक दोनदा वाचावयाचा आहे. एकदा वाचला असता अयोध्येच्या रामाची कथा निघते, पुन्हा वाचला असता वंगदेशाच्या रामपालाची. कैवर्तांच्या उठावात पालांची वरेंद्री भूमी गेली. दिव्य, रुदोक व भीम यांच्या हाती ती राहिली आणि अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात रामपालाने ती परत घेतली. या उठावाचा सविस्तर वृत्तांत देणारे दुसरे साधन नसल्यामुळे इतिहासकाराला श्लेषावरच विसंबावे लागते.

पहिल्या परिच्छेदात हरणाचा एक श्लोक आहे. हरण कोणाचे झाले, याचे उत्तर ‘जनकभू’ या शब्दात आहे. जनकापासून झालेली ती सीता. आणि जनक म्हणजे पिता, त्याची भू म्हणजे वरेंद्री. हरण करणारा ‘मांसभुज्’ आहे. रावणाकडे पाहता तो मांसभक्षक राक्षस; दिव्याकडे पाहता टीकाकार ‘मा’ म्हणजे लक्ष्मी असा पदच्छेद करून लक्ष्मीचा अंश भोगणारा सेवक असा अर्थ लावतो. ‘उच्चैर्दशक’ या पदात ‘क’ म्हणजे मस्तक घेतल्यास दशानन दिसतो, ‘दशा’ म्हणजे अवस्था घेतल्यास अत्युच्च पदास चढलेला पुरुष. तो ‘दस्यु’ आहे व ‘उपधिव्रती’ही आहे. उपधी म्हणजे कपट. यतिवेषाने आलेल्या रावणाला हे पद सहज लागू पडते. दिव्याच्या बाबतीत मात्र अभ्यासकांत मतभेद झाला. कर्तव्याचे निमित्त करून त्याने बंड केले असे काहींनी म्हटले, तर जुलमी राजाविरुद्ध त्याने खरोखरच व्रत घेतले होते, असे इतरांना वाटले.

या वादात घाई होते ती येथे. राम व रावण यांचा अर्थ केवळ अलंकार मानून तो बाजूला सारावयाचा आणि उरलेला अर्थ पुरावा म्हणून घ्यावयाचा, ही रीत दिसावयास सरळ आहे; परंतु तिने शब्द कोणत्या कथेच्या गरजेने आला, हा प्रश्नच पुसून जातो. म्हणून दोन्ही अर्थ समोरासमोर मांडून प्रत्येक पदाविषयी विचारावे, की दुसरी कथा नसती तर कवीने हे पद वापरले असते काय?

‘दस्यु’ आणि ‘उपधिव्रती’ ही पदे रावणाने मागून घेतलेली आहेत. ‘दस्यु’ याचा दिव्यपक्षी अर्थ टीकाकार केवळ ‘शत्रू’ असा देतो, हे लक्षणीय आहे. अशा पदांवरून दिव्याच्या मनातील कपट किंवा सद्भाव सिद्ध करणे धोक्याचे होय. दिव्याचे उच्च पदही शब्दांपेक्षा टीकाकाराच्या माहितीवर उभे आहे. आणि ही टीका दुसऱ्या परिच्छेदाच्या मध्यातच थांबते. याउलट ‘दिव्य’ हे नाव पाहावे. रावणाला त्या नावाची काहीच गरज नाही, तेथे ते ओढूनताणून बसवावे लागते. जेथे शब्द अवघडून बसतो त्या पक्षातून तो आलेला नसतो. म्हणून हे नाव निःसंशय इतिहासाच्या बाजूचे आहे. भोजवर्म्याच्या बेलाव ताम्रपटातही दिव्याचा उल्लेख सापडतो.

‘जनकभू’चा प्रश्न अधिक नाजूक आहे. वरेंद्री ही पालांची मूळ भूमी, असे या शब्दावरून अनुमान केले गेले आणि कमौलीच्या वैद्यदेवाच्या ताम्रपटातही तोच शब्द असल्याने ते दृढ वाटले. परंतु त्या ताम्रपटात भीमाला रावण कल्पिले असून रामपालाने ‘जनकभू’ मिळविली असाच श्लेष आहे. तेव्हा हे दोन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. दोघांच्याही मुखातून पाल दरबारातील एकच रूपक बोलते. त्यावरून वरेंद्रीला पितृभूमी म्हणवून घेण्याची दरबाराची इच्छा कळते. वंशाचे मूळ तेवढ्याने कळत नाही.

या कसोटीला मर्यादाही आहे. एखादे पद रामकथेने मागितले म्हणून ते रामपालाच्या बाबतीत खोटे ठरत नाही. भूमी गेली व परत मिळाली, हे साम्य खरे होते म्हणूनच कवीला ही कथा सुचली असेल. कसोटीने इतकेच ठरते, की ते पद एकटे साक्ष देऊ शकत नाही. प्रस्तुत श्लोकापुरते पाहता दिव्य नावाच्या पुरुषाने वरेंद्री घेतली, हे निश्चित धरता येते. तो कपटी होता की व्रतस्थ, हे या श्लोकाने ठरत नाही. आणि तोपर्यंत ‘उपधिव्रती’चे भाषांतर करणाऱ्याने दोन्ही अर्थ शेजारी शेजारी छापावेत, हेच योग्य.