एक किंकाळी, दोन नावे

चित्रपटातील एखादा स्वरखंड कानात घर करून राहतो, परंतु त्याचे नाव काही सापडत नाही. अशा वेळी आपण दोन प्रश्न विचारावेत : तो कोणत्या प्रसंगी वाजला, आणि कोणत्या वाद्यांवर?

सन १९६० मधील आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सायको’ घ्या. संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी त्यास केवळ तंतुवाद्ये दिली. व्हायोलिनपासून डबल बासपर्यंत. तेव्हा आठवणीतल्या खंडात ढोल वा तुतारी असेल, तर तो या चित्रपटातला नव्हेच.

स्नानगृहातील हत्येच्या वेळी व्हायोलिनचे कर्कश स्वर सुरीच्या घावांसारखे कोसळतात. (हिचकॉक यांना तेथे संगीत नको होते, हर्मन यांनी ऐकले नाही, हे बरेच झाले.) या खंडाचे नाव ‘द मर्डर’. परंतु तेच स्वर पुढे जिन्यावर गुप्तहेर आर्बोगास्टवर हल्ला होतो तेव्हाही किंचाळतात, आणि तेथे नाव आहे ‘द नाइफ’. येथे वाद्ये निर्णय देत नाहीत. स्नानगृह की जिना, एवढेच आठवावे लागते. आरंभीच्या नामावलीचे धावते संगीतही मेरियन पावसात मोटार हाकते तेव्हा परत येते. पहिले ‘प्रिल्यूड’, दुसरे ‘द रेनस्टॉर्म’.

आणखी एक फसगत संभवते. हर्मन यांनी सन १९७५ मध्ये स्वतः केलेले ध्वनिमुद्रण चित्रपटापेक्षा बरेच संथ आहे. तेव्हा गती जुळली नाही, एवढ्यावरून तबकडीवरील नाव नाकारू नये.