लांबलचक सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंटमधून ऑब्लिगेशन मॅट्रिक्स कसा बनवायचा?

समजा, तुमच्या ऑफिसने इंटरनेट लीज्ड लाइन घेतली आणि ४० पानांचा करार आला. सही झाली, पीडीएफ कुठल्यातरी फोल्डरमध्ये गेली. मग जूनमध्ये लाइन बंद पडली. आता भरपाई मिळेल का, किती, आणि कोणी मागायची? याचं उत्तर चटकन मिळावं म्हणून जो तक्ता बनवतात, तो म्हणजे ऑब्लिगेशन मॅट्रिक्स. सोप्या भाषेत, जबाबदाऱ्यांचा तक्ता. गुगल शीट्समध्ये तो मोबाइलवरही बनतो.

आधी सगळे कागद गोळा करा

करार म्हणजे एकच फाइल नसते. मुख्य करार, ऑर्डर फॉर्म आणि एसएलएचं परिशिष्ट असे बहुतेक वेळा तीन भाग असतात. दोन भागांत वेगवेगळे आकडे असतील तर कोणता भाग वरचढ, हे सांगणारं एक कलम मुख्य करारात शोधा आणि तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेवा.

जबाबदाऱ्या कशा शोधायच्या?

पीडीएफमध्ये `shall`, `must`, `will`, `responsible for` आणि `within` हे शब्द सर्च करा. पण सर्चवर थांबू नका, व्याख्यांचा भाग पूर्ण वाचा. "अपटाइम" कसा मोजायचा, हे बऱ्याचदा तिथेच दडलेलं असतं.

नियम एकच: एक जबाबदारी, एक ओळ. "कंपनी लाइन चालू ठेवेल आणि दरमहा रिपोर्ट देईल" या वाक्याच्या दोन ओळी होतात. कारण लाइन चालू असूनही रिपोर्ट चुकू शकतो.

"राउटरची सेटिंग्ज जपून ठेवली जातील" असं वाक्य आलं तर? कोण ठेवणार, ते लिहिलेलंच नाही. अंदाजाने नाव टाकू नका. "अस्पष्ट" लिहा आणि समोरच्या कंपनीला ई-मेलने विचारा.

तक्ता असा दिसेल

| कलम | जबाबदारी | कोणाची | पातळी किंवा मुदत | चुकल्यास |
|---|---|---|---|---|
| ४.२ | लाइन चालू ठेवणे | कंपनी | महिन्याला ९९.५% | मासिक बिलाच्या ५% क्रेडिट |
| ४.३ | अपटाइम रिपोर्ट देणे | कंपनी | पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत | दंड नाही |
| ५.३ | राउटरला यूपीएस देणे | आपण | कायम | तो वेळ मोजला जाणार नाही |
| ७.४ | क्रेडिट मागणे | आपण | महिना संपल्यापासून १५ दिवस | क्रेडिट रद्द |

शेवटच्या दोन ओळी नीट बघा. नवीन माणूस फक्त समोरच्याची कामं लिहितो आणि नेमक्या याच ओळी सुटतात.

आता जूनचा हिशेब करू

३० दिवस म्हणजे ४३,२०० मिनिटं. त्यातला ०.५% म्हणजे २१६ मिनिटं. एवढा वेळ लाइन बंद राहिली तर चालतं.

जूनमध्ये लाइन एकूण ३६० मिनिटं बंद होती. त्यातली ६० मिनिटं आधी कळवलेल्या मेंटेनन्सची, तीही करारानुसार वगळली जातात. आणखी ६० मिनिटं आपल्याच ऑफिसात वीज नव्हती आणि यूपीएस बंद पडला होता. उरली २४० मिनिटं.

```
=ROUND((43200-240)/43200*100, 2)
```

उत्तर ९९.४४. म्हणजे पातळी चुकली. बिल ४०,००० रुपये असेल तर क्रेडिट २,००० रुपये. पण यूपीएस आणखी अर्धा तास बंद असता तर मोजणीत २१० मिनिटंच आली असती आणि एक रुपयाही मिळाला नसता. आणि १५ जुलैपर्यंत ई-मेल गेला नाही, तर हिशेब बरोबर असूनही पैसे गेले! म्हणून ७.४ ची ओळ कॅलेंडरमध्ये रिमाइंडर म्हणून टाका आणि तिच्यापुढे ऑफिसमधल्या एका माणसाचं नाव लिहा.

इथे लोक चुकतात

"४ तासांत प्रतिसाद" आणि "४ तासांत दुरुस्ती" या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात कंपनीने फोन करून "बघतो" म्हटलं तरी पातळी पाळली जाते. म्हणून दोन्हींसाठी वेगळ्या ओळी ठेवा, आणि घड्याळ कधी सुरू होतं तेही लिहा: तिकीट नोंदवल्यापासून की बिघाड झाल्यापासून?

दुसरं, क्रेडिट हाच एकमेव उपाय आहे असं कलम आहे का, ते पाहा. असेल तर धंद्याचं मोठं नुकसान झालं तरी कंपनी त्या २,००० कडेच बोट दाखवेल. करारात लिहिलेली दंडाची रक्कमही जशीच्या तशी मिळेलच असं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे ती कमाल मर्यादा असते आणि कोर्ट तिच्या आत वाजवी भरपाई देतं.

शेवटी, कलम क्रमांकाचा रकाना कधीच रिकामा ठेवू नका. वाद झाला की तक्ता नाही, करारातलं मूळ वाक्य चालतं. तक्ता फक्त ते कुठल्या पानावर आहे हे दाखवतो. कराराला नवीन दुरुस्ती जोडली गेली, की त्याच दिवशी तक्ताही बदला.