नव्वद टक्क्यांच्या मागची मुले

नंदगडसारख्या गावात हेडमास्तरांचा निवाडा वर्षातून एकदा होतो, तोही एसएसएलसीचा निकाल लागला त्या संध्याकाळी. शाळेचा आकडा काय, शेजारच्या शाळेचा काय, एवढ्यावर माणूस मोठा किंवा छोटा ठरतो. पुढे संस्थेचा गोपनीय अहवाल लिहिताना तोच आकडा सर्वांत वर बसतो, आणि नेतृत्व, शिक्षकांची मनःस्थिती, पालकांशी संबंध हे रकाने त्याच्या उजेडात ‘उत्तम’ किंवा ‘बरे’ असे भरले जातात. म्हणून मूल्यमापनाला सुरुवात करायची ती या आकड्याची उलटतपासणी करूनच.

समजा, खानापूर तालुक्यात आठवी ते दहावीच्या दोन मराठी शाळा आहेत. उदाहरण काल्पनिक आहे, पण हिशेब खराच करायचा. पहिल्या शाळेत चाळीस मुले परीक्षेला बसली, छत्तीस उत्तीर्ण झाली, निकाल नव्वद टक्के. दुसरीत पंचेचाळीस बसली, छत्तीसच उत्तीर्ण झाली, निकाल ऐंशी टक्के. गावात पहिल्या हेडमास्तरांचा सत्कार होईल. आता तीन वर्षांपूर्वीचे आठवीचे प्रवेश रजिस्टर उघडा. पहिल्या शाळेत तेव्हा 52 मुले होती. त्यातल्या पाच जणांनी दाखला काढून दुसरीकडे खरोखर प्रवेश घेतला. ती वजा केली की उरतात 47. परीक्षेला बसली 40. उरलेल्या सातांपैकी तिघे नववीत मागे ठेवले गेले आणि चौघांचे परीक्षेचे फॉर्मच भरले नाहीत, कारण हजेरी कमी. दुसऱ्या शाळेत आठवीला 46 मुले होती. एक बदलून गेले, बाकी 45 सगळी परीक्षेला बसली. म्हणजे जबाबदारी घेतलेल्या मुलांपैकी पहिल्या शाळेने 77 टक्के पार केली आणि दुसरीने 80. क्रम उलटला. दाखला घेतलेले मूल पुढे कुठे गेले हे कर्नाटकात सॅट्‌सच्या नोंदीत सापडते, त्यामुळे ‘बदलून गेले’ हे म्हणणे तपासता येते. कोणी तपासत नाही, इतकेच.

दुसरी गोष्ट लहान संख्येची. चाळीस मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे अडीच टक्के. शिकवणे तेच, मास्तर तेच, तरी निव्वळ योगायोगाने अशा वर्गाचा निकाल वर्षागणिक सहा-सात टक्के सहज वरखाली होतो. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावरून हेडमास्तरांना शाबासकी देऊ नये आणि नोटीसही देऊ नये. निदान तीन वर्षांची मुले एकत्र मोजावीत.

त्यातही तुलनेची रेघ स्वतःच हलते. 2023 साली राज्याचा निकाल 83.89 टक्के होता. 2024 साली परीक्षेच्या खोल्यांवर कॅमेरे लावून वेबकास्टिंग सुरू झाले आणि वाढीव गुण देऊनही तो 73.40 वर आला. त्या वर्षी एखाद्या शाळेचा निकाल दहा टक्के उतरला असेल, तर तो राज्याइतकाच उतरला. हेडमास्तरांना विचारायचा प्रश्न वेगळा आहे: राज्य दहाने घसरले तेव्हा तुम्ही पंचवीसने का घसरलात? अंतर्गत गुण इथे साक्षीदार म्हणून उपयोगी पडतात. 625 पैकी 125 गुण शाळा स्वतः देते. गणितात सरसकट सगळ्यांना वीसपैकी एकोणीस आणि लेखी पेपरात त्याच मुलांना ऐंशीपैकी पंचवीस-तीस, अशी गुणपत्रिका दिसली की वर्षभर कसले मूल्यमापन चालले होते ते निराळे विचारावे लागत नाही.

नेतृत्व मोजताना आधी हेडमास्तरांच्या हातात काय आहे ते पाहावे. सरकारी शाळेत शिक्षक नेमणे किंवा बदलणे त्यांच्या हातात नसते. विज्ञानाची जागा रिकामी असेल आणि अतिथी शिक्षक उशिरा आला असेल, तर त्याचा दोष त्यांच्या माथी मारू नये. वेळापत्रक मात्र पूर्ण त्यांचे असते, आणि माझ्या मते शाळेतला तोच सर्वांत प्रामाणिक कागद. गणिताचा सर्वांत चांगला शिक्षक फक्त दहावीला लावला आहे आणि आठवीचे गणित ज्याचे तास कमी भरत होते त्याच्या गळ्यात बांधले आहे, असे दिसले की ही शाळा यंदाच्या निकालासाठी पुढच्या तीन वर्षांचे बियाणे खाते आहे, असे समजावे. दुसरा कागद लॉगबुक. पाठ पाहिल्यावर ‘पाठ चांगला झाला’ एवढेच वीस पानांवर असेल तर ती सही झाली, निरीक्षण नव्हे. ‘मागच्या दोन बाकांवरची मुले अपूर्णांकाची बेरीज समान छेद न काढताच करत होती, मंगळवारी पुन्हा घ्यावे’ अशी ओळ, आणि पुढच्या आठवड्यात तोच पाठ पुन्हा पाहिल्याची नोंद, हे नेतृत्व.

शिक्षकांची मनःस्थिती प्रश्नावलीने कळत नाही. नऊ जणांच्या शाळेत निनावी असे काही नसतेच. अक्षर ओळखू येते, आणि शिक्षकांचा अहवाल लिहिणारे हेडमास्तर शेजारच्या खोलीत बसलेले असतात. साहजिकच नऊच्या नऊ उत्तरे ‘समाधानी’ येतात. त्यापेक्षा घडलेल्या गोष्टी विचाराव्यात, त्याही एकेकाला बाजूला घेऊन. गेल्या महिन्यात कोणी रजेवर असताना तास कोणी घेतला? वाटणी कोणी ठरवली? शिक्षक बैठकीत हेडमास्तरांच्या मताविरुद्ध काही ठरले असे शेवटचे कधी झाले? बदलीचे अर्ज मोजताना मात्र जपून. बेळगावहून रोज खानापूरमार्गे बस बदलत येणारा शिक्षक बदली मागतो ती बहुधा बसमुळे. शाळेच्याच गावात घर असलेला शिक्षक बदली मागू लागला, तर त्याचे कारण शाळेत शोधावे.

पालकांबाबत सभेची उपस्थिती हा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा आकडा. जुलैत रोपलावणीच्या दिवसांत सभा ठेवली तर रजिस्टर रिकामेच राहणार. बरेच बाप कामासाठी गोव्यात. ते गणपतीला आणि शिमग्याला येतात. ज्या हेडमास्तरांना हे माहीत आहे ते सभा गणपतीच्या सुट्टीला लागून ठेवतात. माहीत नाही ते ‘पालक उदासीन’ असा शेरा लिहून मोकळे होतात. इथे आणखी एक सीमाभागातली बाब आहे. खात्याचे परिपत्रक कन्नडात येते आणि आई मराठीच वाचते. शिष्यवृत्तीची मुदत, फॉर्मची तारीख, हजेरीची अट हे सारे तिला तिच्या भाषेत, वेळेत कळले का? सूचना-वहीतली मराठी नोंद आणि परिपत्रकाची तारीख शेजारी ठेवली की उत्तर मिळते. सरकारी शाळेत एसडीएमसीचे इतिवृत्तही पाहावे. दर बैठकीचे ठराव एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत आणि चर्चेविना ‘सर्वानुमते’ असतील, तर ते एकाच वेळी बसून लिहिलेले असण्याची शंका घ्यावी.

अहवाल लिहून झाला की तो ज्याच्याविषयी आहे त्याला दाखवणे हा शिष्टाचारापुरता भाग नाही. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरांबाबत म्हटले की प्रतिकूलच काय, प्रत्येक शेरा संबंधिताला कळवला पाहिजे. तिथे अडचण ‘चांगले’ या शेऱ्याचीच होती. बढतीला ‘फार चांगले’ लागत होते आणि त्या अधिकाऱ्याला आपण ‘चांगले’ ठरलो हेच ठाऊक नव्हते. शाळेत याचा उपयोग निराळा आहे. कागद समोर ठेवला की हेडमास्तर बोलू लागतात आणि कागदावर नसलेले बाहेर येते.

वरच्या उदाहरणातल्या पहिल्या शाळेत विचारायचे ते फॉर्म न भरलेल्या चौघांबद्दल. त्यांची हजेरी कुठल्या महिन्यात तुटली, घरी पहिला निरोप कोणत्या तारखेला गेला, आणि तो घेऊन कोण गेले. सप्टेंबरात हजेरी तुटली आणि निरोप जानेवारीत गेला असेल, तर नव्वद टक्क्यांतला काही भाग त्या चार महिन्यांत तयार झालेला असतो. निरोप आठवड्याभरात गेला, हेडमास्तर स्वतः घरी जाऊन आले आणि तरी मुलगा गोव्याच्या बसमध्ये बसला, तर त्याच चार रिकाम्या फॉर्मांपुढे शेरा दुसरा लिहावा लागेल.