'रोड' नावाचं स्टेशन

काही वर्षांपूर्वी मी हैदराबादला नोकरीला होतो. एका मित्राचं लग्न लातूरला होतं. तिकीट काढताना स्क्रीनवर दोन नावं आली, एक LUR आणि एक LTRR. पहिलं लातूर, दुसरं लातूर रोड. मला जी गाडी सोयीची वाटली ती दुसऱ्या स्टेशनवर थांबत होती. म्हटलं, रोड तर रोड, असेल गावाच्या दुसऱ्या टोकाला. स्टेशनवरून रिक्षा करू.

पहाटे उतरलो तर प्लॅटफॉर्मवर मी, दोन म्हाताऱ्या बाया आणि एक कुत्रं. बाहेर चहावाल्याला विचारलं, "लातूर किती लांब?" तो म्हणाला, "तीसेक किलोमीटर. जीप मिळेल की, भरल्यावर निघते." जीप भरायला दीड तास लागला. लग्न लागायच्या आधी पोचलो एवढंच. मांडवात मित्राच्या आजोबांना ही गोष्ट सांगितली तर ते मनापासून हसले. म्हणाले, "अहो, रोड म्हणजे गाव नव्हे. रोड म्हणजे गावाकडे जाणारा रस्ता! आमचं स्टेशन म्हणजे बार्शी लाईटचं."

ही 'बार्शी लाईट' काय भानगड आहे ते शोधता शोधता माझे पुढचे चार-पाच वीकेंड गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय.

आधी रोडचा साधा अर्थ. रेल्वेने एखाद्या स्टेशनला 'अमुक रोड' नाव दिलं तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की अमुक गाव इथे नाही, पण तिकडे जाणारा रस्ता इथून फुटतो. नाशिक रोड, वसई रोड, डहाणू रोड, सगळे याच जातीचे. ही काही फक्त इंग्रजांची खोड नाही. 1990 च्या दशकात कोकण रेल्वे झाली तेव्हाही सावंतवाडी रोड झालंच. (मुंबईतले ग्रँट रोड, रे रोड, सँडहर्स्ट रोड मात्र यात धरू नका. ते खरोखरच्या रस्त्यांवरून पडलेले आहेत, आणि ते रस्ते मुंबईच्या गव्हर्नरांच्या नावाचे. ओळखायची खूण सोपी: रोडच्या आधी गावाचं नाव असेल तर चौकशी करा, लाटसाहेबाचं असेल तर बिनधास्त उतरा.)

आता बार्शी. जी.आय.पी. रेल्वेची लाईन पुण्याहून निघून 1860 मध्ये सोलापूरला पोचली. कंपनीला खरं तर सोलापूरलाही थांबायचं नव्हतं, तिला मद्रासकडून येणाऱ्या लाईनला जाऊन मिळायचं होतं. ती भेट 1871 मध्ये रायचूरला झाली. नकाशावर पुणे आणि रायचूर यांच्यामध्ये पट्टी ठेवून बघा. बार्शी त्या पट्टीच्या बरीच उत्तरेला राहते. बार्शी तेव्हा कापसाची मोठी पेठ होती, मराठवाड्यातला माल तिथे येऊन पडायचा. पण एका पेठेसाठी मुख्य लाईन एवढी वाकवायला कोणी तयार होत नाही. लाईन सरळ गेली, आणि बार्शीचा रस्ता जिथे जवळ पडत होता तिथे, कुर्डू गावाशेजारी, एक स्टेशन झालं. नाव दिलं बार्शी रोड. बार्शी तिथून जवळजवळ 22 मैल.

रोडवाल्या गावांत हमखास एक दंतकथा ऐकू येते: आमच्या पूर्वजांनी विरोध केला, गाव बाटेल म्हणाले, म्हणून रेल्वे लांबून गेली. कुठे तसं झालंही असेल. पण मला बहुतेक ठिकाणी पट्टी आणि पेन्सिलच जास्त पटते.

पण जरा हिशेब करून बघा. भरलेली बैलगाडी दिवसाला दहा-बारा मैल जाते. म्हणजे कापसाची गाठ बार्शीहून बार्शी रोडला पोचायला दोन दिवस, तेही रस्ता कोरडा असेल तर. तिथून पुढे मुंबईपर्यंतचा सगळा प्रवास रेल्वेने. शेवटचे 22 मैल (की पहिले म्हणू?) हेच सगळ्यात चिवट. हे असं 37 वर्षं चाललं. पंढरपूरला जाणारे यात्रेकरूही याच स्टेशनवर उतरत आणि पुढे दक्षिणेला गाडीने नाहीतर पायी जात. तरी नावात पंढरपूर आलं नाही, बार्शी आली. स्टेशनचं नाव ठरवणाऱ्याला विठोबापेक्षा कापूस जवळचा वाटला असावा, हा आपला माझा अंदाज.

इथे कथेत एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा माणूस येतो. हा जी.आय.पी. मध्येच नोकरीला होता, इंजिनांचा इन्स्पेक्टर म्हणून. त्याच्या डोक्यात असं आलं की मुख्य लाईनपासून लांब राहिलेल्या गावांना स्वस्तातली छोटी रेल्वे बांधून जोडायची. 1890 च्या सुमारास नाशिक रोड स्टेशनपासून नाशिक गावापर्यंत ट्राम झाली (सुरुवातीला घोडे ओढायचे!), तिचा सल्लागार इंजिनियरही हाच. म्हणजे या गृहस्थाने महाराष्ट्रातले दोन रोड बुजवायचं काम हातात घेतलं होतं.

बार्शीसाठी त्याला बरीच वर्षं सरकारदरबारी खेटे घालावे लागले. शेवटी 1895 मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी निघाली आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. मुख्य लाईनचं साडेपाच.

'लाईट' या शब्दात सगळी गंमत आहे. रूळ किती जाड हवा हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही, एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर किती वजन येतं त्यावर ठरतं. कॅलथ्रॉपने नियम घातला: इंजिन असो, डबा असो, मालाची वाघीण असो, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. मग इंजिन जड करायचं असेल तर त्याला जास्त चाकं लावा. एवढं पाळलं की रूळ यार्डाला 30 पौंडांचा चालतो, म्हणजे मीटरला साधारण 15 किलो. आजच्या मुख्य लाईनवर मीटरला 60 किलोचा रूळ असतो. रूळ हलका म्हणून त्याखालचं सगळंच हलकं, पूलसुद्धा, आणि म्हणून स्वस्त. आणि सगळ्या गाड्यांचा आसभार एकसारखा ठेवल्यामुळे हलक्या रुळाचा पुरेपूर वापर होतो. एक मर्यादा ठरवायची आणि बाकी सगळं डिझाईन तिच्याभोवती बसवायचं. आमच्या धंद्यात असा माणूस टीममध्ये असला की प्रोजेक्ट वेळेवर होतं. (पुढे याच माणसाने विमानातून उडी मारायचं पॅराशूटही बनवलं. काही लोकांना स्वस्थ बसवत नाही.)

स्वस्ताईची किंमत मात्र बार्शी रोडवर मोजावी लागे. अडीच फुटी वाघीण साडेपाच फुटी रुळावर चढू शकत नाही. त्यामुळे प्रत्येक गाठ छोट्या गाडीतून उतरवायची आणि मोठ्या गाडीत चढवायची, हमालांच्या पाठीवरून. प्रवाशांचंही तेच, सामानसुमान घेऊन गाडी बदला. बार्शीच्या व्यापाऱ्याला हा भुर्दंडच. पण या अदलाबदलीमुळेच बार्शी रोडचं भाग्य उघडलं. माल उतरला की हमाल लागतात, हमाल आले की खानावळ लागते, गाडी चुकली की झोपायला जागा लागते. छोट्या रेल्वेचा वर्कशॉपही तिथेच आला. 1906 मध्ये पंढरपूरची लाईन सुरू झाली, 1911 मध्ये दुसऱ्या बाजूची लाईन बार्शीहून पुढे लातूरला पोचली, 1927 मध्ये पंढरपूरकडची लाईन मिरजेला गेली. सगळी मिळून 202 मैल.

आता या स्टेशनवरून चार दिशांना गाड्या जात होत्या. तीन किंवा जास्त दिशांच्या लाईनी जिथे एकत्र येतात त्याला रेल्वे जंक्शन म्हणते. नुसता मोठेपणा पुरत नाही, फाटे लागतात. आणि एवढ्या फाट्यांच्या स्टेशनला 22 मैलांवरच्या दुसऱ्याच गावाचं नाव ठेवण्यात अर्थ उरला नव्हता, कारण बार्शीला आता स्वतःचं स्टेशन होतं. बार्शी रोड हे नाव गेलं आणि कुर्डुवाडी जंक्शन आलं. कुर्डू गावाची वाडी, म्हणजे मूळच्या गावाची शेपटीच, पण आज महाराष्ट्रात कुर्डू कोणाला विचारा आणि कुर्डुवाडी विचारा.

बाकीच्या शेपट्यांचं थोडक्यात. टर्मिनस म्हणजे रूळ तिथे संपतात, पुढे जायला वाटच नाही. कोल्हापूरचं छत्रपती शाहू महाराज टर्मिनस त्यामुळे अगदी खरं नाव आहे. कँटोन्मेंट म्हणजे स्टेशन लष्कराच्या छावणीत आहे. बंगळूरच्या मंडळींनी हे लक्षात घ्यावं: तिथे रेल्वे 1864 मध्ये आली ती कँटोन्मेंटला, मद्रासकडून. सिटी स्टेशन 1882 चं. गावातल्या पेठेपेक्षा गोऱ्या सैनिकांची सोय आधी. म्हणजे कँटोन्मेंट सांगतं रेल्वे कोणासाठी आली, आणि रोड सांगतं कोणासाठी आली नाही.

आता परत माझ्या लातूर रोडकडे. लातूरला 1911 पासून गाडी होती, पण ती बार्शी लाईट, अडीच फुटी. निजामाच्या रेल्वेने 1930 च्या सुमारास विकाराबादहून बीदरमार्गे परळीकडे लाईन नेली ती लातूर बाजूला ठेवूनच. लातूरकडे जाणारा रस्ता जिथे लागला तिथे लातूर रोड. म्हणजे कुर्डुवाडीत जे 1860 च्या सुमारास झालं तेच इथे 70 वर्षांनी परत. लातूरचे लोक त्यामुळे गावातल्या स्टेशनला 'आमचं' म्हणायचे. ती गाडी धिमी का असेना, दारात यायची.

बार्शी लाईट 1954 मध्ये सरकारने विकत घेतली. पुढे नॅरोगेज उखडून ब्रॉडगेज करायचं काम तुकड्यातुकड्यांनी चाललं आणि कुर्डुवाडी ते लातूर 2008 मध्ये पूर्ण झालं. म्हणजे बार्शीची गाठ हमालाच्या पाठीवर न चढता थेट मुंबईला जायला 1860 पासून 148 वर्षं लागली. नवी लाईन टाकताना मार्गही थोडा बदलला आणि ती उस्मानाबाद (आता धाराशिव) गावातून नेली. जुन्या छोट्या लाईनीने ते जिल्ह्याचं गाव बाजूलाच ठेवलं होतं.

आज लातूर रोडही जंक्शन आहे आणि लातूर त्याला ब्रॉडगेजने जोडलेलं आहे. पण नावातला रोड तसाच. नाशिक रोडचं तर आता नाशिक महापालिकेतच घर आहे, तरी पुण्याहून जाणाऱ्याला आजही सांगावं लागतं की पंचवटीत जायचं असेल तर स्टेशनवरून अजून नऊ-दहा किलोमीटर धर. वसई रोडचा कोड अजून BSR आहे, बॅसीन रोडचा. डेटाबेसमधली जुनी की कोणी बदलायला धजत नाही, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको.

परतीच्या वेळी आजोबांनी स्वतः मला स्टेशनवर सोडायला माणूस पाठवला. जाताना म्हणाले, "गाडी कुठून आहे ते बघितलंस ना नीट?" तिकीट खिशातून काढून त्यांना दाखवलं. लातूर. नुसतं लातूर.