स्वच्छ छाती आणि कोंडलेला श्वास : एका फुप्फुसरोगाचा इतिहास

काही रोगांचा इतिहास त्यांच्या लक्षणांहूनही फसवा असतो. न्यूमोसिस्टिस या नावाने वैद्यकाला परिचित असलेल्या फुप्फुसज्वराची कथा अशीच आहे. सन १९०९ मध्ये ब्राझीलमध्ये कार्लोस चागास यांना गिनीपिगच्या फुप्फुसात काही सूक्ष्म गोलाकार कोश दिसले. ते स्वतः शोधून काढलेल्या एका परजीवीच्या अभ्यासात गढलेले होते, म्हणून हे कोश त्याच परजीवीच्या जीवनचक्रातील एक अवस्था आहेत असे त्यांनी मानले. पुढच्याच वर्षी साव पावलो येथे आंतोनियो कारिनी यांना उंदरांच्या फुप्फुसात तेच आढळले आणि त्यांचाही तोच समज झाला. १९१२ मध्ये पॅरिसमधील देलानोए दांपत्याने गटारातील घुशी तपासल्या. त्या घुशींमध्ये चागास यांचा परजीवी मुळीच नव्हता, कोश मात्र होते. तेव्हा हा जीव स्वतंत्र आहे हे उमगले आणि कारिनींच्या नावावरून त्याचे बारसे झाले. तो कवकवर्गातील, म्हणजे बुरशीच्या कुळातील आहे हे त्याच्या जनुकीय घटकांवरून सिद्ध व्हायला मात्र १९८८ साल उजाडावे लागले. माणसात सापडणाऱ्या जातीला आज चेक शास्त्रज्ञ ओटो यिरोव्हेत्स यांचे नाव आहे.

यिरोव्हेत्स यांचे नाव का, हे सांगायचे तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपात जावे लागते. अनाथालयांत आणि बालरुग्णालयांत अपुऱ्या दिवसांची, कुपोषित तान्ही मुले एका विचित्र श्वसनविकाराने दगावत होती. मूल धापा टाकी, ओठ निळे पडत, पण ताप फारसा नसे आणि छातीला नळी लावली तर आवाज जवळजवळ निर्दोष ऐकू येई. १९५२ मध्ये प्राग येथे व्हानेक आणि यिरोव्हेत्स यांनी अशा मृत बालकांच्या फुप्फुसात तेच कोश दाखवून दिले. निरोगी माणसाच्या श्वासातून येणारा आणि बहुतेक सर्वांना बालपणीच भेटून जाणारा हा जीव धडधाकट देहात काही करीत नाही. देहाचे रक्षक दुबळे झाले की तो डोके वर काढतो.

छाती स्वच्छ आणि श्वास कोंडलेला, ही विसंगती कशी घडते? फुप्फुसाच्या टोकाशी असंख्य इवल्या वायुकोशिका असतात. त्यांच्या पातळ भिंतीपलीकडे रक्त वाहते आणि प्राणवायू त्या भिंतीतून पलीकडे जातो. साध्या न्यूमोनियात फुप्फुसाचा एखादा भाग पू व द्रवाने भरतो. हवा त्यातून जाताना चुरचुर आवाज येतो आणि वैद्याच्या कानाला खूण पटते. न्यूमोसिस्टिस मात्र त्या पातळ भिंतीला चिकटून वाढतो आणि कोशिकांत फेसासारखा घट्ट स्राव साचतो. मोठ्या श्वासनलिका मोकळ्याच राहतात. हवा आत जाते, बाहेर येते, आवाजही नीट येतो. पण रक्तापर्यंत प्राणवायू पोहोचत नाही. बसलेल्या माणसाचे कसेबसे भागते. तो चालू लागला की रक्त वेगाने धावते, त्याला प्राणवायू घ्यायला मिळणारा वेळ कमी होतो आणि उणीव उघडी पडते. कोरोनाच्या साथीत, २०२०-२१ साली, बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजण्याचे यंत्र खेड्यापाड्यांत पोहोचले. 'बोलतोय तर नीट, पण आकडा ऐंशीचा' हा अनुभव तेव्हा अनेक घरांनी घेतला. त्यामुळे आज हा मुद्दा समजावणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

या रोगाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे पान १९७७ चे आहे. अमेरिकेतील मेम्फिस शहरी सेंट ज्यूड बालरुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांवर उपचार होत. कर्करोग आटोक्यात येई, पण औषधांनी प्रतिकारशक्ती खचलेली मुले या न्यूमोनियाने जात. वॉल्टर ह्यूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकशे साठ मुलांचे दोन गट केले. ऐंशी जणांना रोज को-ट्रायमॉक्साझोल, ऐंशी जणांना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध. निष्क्रिय औषधाच्या गटात सतरा मुलांना हा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या गटात एकालाही झाला नाही. वैद्यकात इतका निःसंदिग्ध निकाल क्वचितच लागतो. आणि ते औषध कोणते? जुलाब आणि लघवीच्या जळजळीसाठी आपल्याकडे सेप्ट्रान किंवा बॅक्ट्रिम म्हणून लिहून दिले जाते, तेच.

चार वर्षांनी, ५ जून १९८१ रोजी, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांची हकीकत छापून आली. पाचही जण पूर्वी निरोगी होते, पाचही जणांना न्यूमोसिस्टिस झाला होता आणि दोघे मरण पावले होते. त्याच केंद्रात पेंटामिडिन हे दुर्मीळ औषध वाटण्याचे काम सँड्रा फोर्ड या कर्मचारी स्त्रीकडे होते. कारण कळत नसताना तरुण पुरुषांसाठी या औषधाची मागणी का वाढते आहे, ही शंका त्यांच्याही मनात आली होती. जगाला एड्सची ओळख अशी या न्यूमोनियाच्या दारातून झाली. प्रतिबंधाची गोळी तेव्हा सिद्ध होऊन चार वर्षे लोटली होती. तरीही एड्सच्या रुग्णांना ती नियमाने द्यावी अशी अधिकृत मार्गदर्शिका १९८९ मध्ये निघाली. दरम्यान १९८७ मध्ये मायकेल कॅलन नावाचा रुग्ण-कार्यकर्ता वरिष्ठ शास्त्रज्ञांकडे हीच मागणी घेऊन गेला होता. एड्सच्या रुग्णांवरील स्वतंत्र पुराव्याअभावी ती मान्य झाली नाही. पुराव्याचा आग्रह योग्यच. पण मेम्फिसचा पुरावा समोर असता इतकी वर्षे वाट पाहणे मला समर्थनीय वाटत नाही.

भारतात या प्रकरणाचा आरंभ एका मराठी घराण्यातील कन्येच्या हातून झाला, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असेल. चेन्नईत स्थायिक झालेल्या गायतोंडे कुटुंबातील सुनीती सॉलोमन मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. त्यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला या विद्यार्थिनीने १९८६ मध्ये रक्ताचे नमुने गोळा केले, त्यांची तपासणी वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात झाली आणि भारतातील एचआयव्हीची पहिली नोंद झाली. पुढे १९९३ मध्ये सुनीतीबाईंनी वडील वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने केंद्र स्थापले. त्या केंद्राने ५९४ रुग्णांचा मागोवा घेऊन २००३ मध्ये जे प्रसिद्ध केले त्यात एड्सच्या अवस्थेतील आजारांत फुप्फुसाचा क्षय ४९ टक्के आणि न्यूमोसिस्टिस ६ टक्के होता. अमेरिकेत जो पहिला, तो आपल्याकडे क्षयाच्या मागे दुसरा. धोका याच क्रमात लपलेला आहे. खोकला, ताप, वजन घटले, की मराठवाड्यात प्रथम क्षयच आठवतो, आणि तसे आठवणे चूकही नाही.

समजा, मुखेड तालुक्यातील एका वाडीचा चौतीस वर्षांचा गडी. हा कोणी विशिष्ट माणूस नव्हे. अशा रुग्णाचे नेहमीचे चित्र तेवढे मी रेखाटतो. हैदराबादकडे बांधकामावर जाणारा, वजन अठ्ठेचाळीस किलो. पाच आठवडे कोरडा खोकला, बारीक ताप, आणि अलीकडे पाण्याची घागर घेऊन दोन पायऱ्या चढला की धाप. दोनदा थुंकी तपासली, क्षयाचे जंतू नाहीत. नळीने छाती ऐकली, स्वच्छ. येथे त्याला खोकल्याचे औषध देऊन घरी पाठवणे अगदी सोपे असते. पण शहाणा वैद्य त्याचे तोंड उघडून पाहतो. जिभेवर पांढरे चट्टे आहेत. बोटाला यंत्र लावतो. बसल्या जागी ९३. मग त्याला आवारात तीन मिनिटे चालवतो, आणि आकडा ८४ वर येतो. विश्रांतीतला आकडा बरा असूनही चालल्यावर तो असा घसरणे ही या रोगाची मोठी खूण आहे. (बोटे गार असतील किंवा नखांना रंग असेल तर यंत्र चुकते, आणि रक्तच कमी असेल तर आकडा चांगला दिसूनही देहाला प्राणवायू अपुरा पडतो.) एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या मध्यभागी धुक्यासारखी फिकट छाया दिसते, आरंभी तीही नसू शकते. एचआयव्ही चाचणी होकारार्थी येते. सीडी-फोर, म्हणजे देहाच्या रक्षक पेशी, ६२. दोनशेच्या खाली हा न्यूमोनिया मोकाट सुटतो.

पक्क्या निदानासाठी खारट वाफेने काढलेला कफ किंवा दुर्बिणीने फुप्फुस धुऊन आणलेला द्रव विशिष्ट रंगाने रंगवून पाहावा लागतो, कारण हा जीव प्रयोगशाळेत नेहमीच्या पद्धतीने वाढत नाही. ही सोय मोठ्या रुग्णालयातच असते. म्हणून आपला गडी नांदेडला पाठवला जातो, पण औषध निदानाची वाट पाहत नाही. को-ट्रायमॉक्साझोलच्या दुहेरी शक्तीच्या दोन गोळ्या, दिवसातून तीनदा, एकवीस दिवस. नांदेडला धमनीतील प्राणवायूचा दाब ५८ निघतो. तो सत्तरच्या खाली असेल तर सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यावे, असे १९९० पासून ठरलेले आहे. कारण जंतू मरू लागले की त्यांच्या अवशेषांनी फुप्फुसाची सूज वाढते आणि पहिल्या काही दिवसांत रुग्ण आधी खालावतो. घरच्यांना हे सांगून ठेवले नाही तर औषध बाधले असे समजून ते त्याला उचलून नेतात. क्षयाचा शोधही चालूच ठेवावा लागतो, कारण दोन्ही रोग एका फुप्फुसात नांदू शकतात. एचआयव्हीवरची औषधे, जी सरकारी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून विनामूल्य मिळू लागली, साधारण दोन आठवड्यांच्या आत सुरू होतात.

एकविसाव्या दिवशी औषध संपत नाही, लहान होते. सहा गोळ्यांची रोज एक गोळी होते आणि ती महिनोन् महिने चालते. येथेच पुष्कळ रुग्ण गळतात. बरे वाटते, काम लागते, मुकादम थांबत नाही. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सीडी-फोर साडेतीनशेच्या खाली असेल तर ही गोळी सुरू करतात, आणि सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा तो साडेतीनशेच्या वर आला तरच थांबवतात. अंगावर पुरळ उठले, विशेषतः तोंडात फोड आले, तर मात्र गोळी तत्काळ बंद करून दवाखाना गाठावा. अशांसाठी पर्याय आहे डॅप्सोन, कुष्ठरोगाच्या मोहिमांमुळे मराठवाड्याला जुना परिचित. तो देण्यापूर्वी रक्तातील एका वितंचकाची चाचणी करावी लागते. तो उपजत कमी असेल तर तांबड्या पेशी फुटतात.

एचआयव्हीचा संबंध नसलेल्यांनाही हा रोग गाठतो: कर्करोगाचे उपचार घेणारे, मूत्रपिंड बदललेले, आणि सांधेदुखीसाठी रोज वीस मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन महिनाभर वा त्याहून जास्त घेणारे, त्यातही ज्यांची प्रतिकारशक्ती अन्य कारणाने खचली आहे ते. त्यांच्यात तो आठवड्यांत नव्हे, दिवसांत बळावतो आणि अधिक जीव घेतो. कोणी काय म्हणून दिले हे न विचारता वर्षानुवर्षे घेतलेल्या 'ताकदीच्या' पांढऱ्या गोळ्यांत पुष्कळदा हेच स्टेरॉइड असते. रुग्णाची पिशवी उलटी करून प्रत्येक पाकीट वाचणे हाही तपासणीचाच भाग.

आणि तान्ही मुले. आई एचआयव्हीबाधित असेल तर मुलाला सहाव्या आठवड्यापासूनच को-ट्रायमॉक्साझोलचे पातळ औषध सुरू करतात, मुलाला लागण झाली आहे की नाही हे कळण्याआधीच. कारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात हा न्यूमोनिया सर्वाधिक येतो आणि तेव्हा तपासणीच्या निकालासाठी थांबायला वेळ नसतो. झांबियात लागण झालेल्या ५४१ मुलांवर असाच प्रयोग झाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत निष्क्रिय औषधाच्या गटातील ४२ टक्के मुले दगावली होती, को-ट्रायमॉक्साझोलच्या गटातील २८ टक्के. मेम्फिसच्या निकालाइतका तो निर्मळ नाही, कारण गोळीने न टळणारी मरणेही तेथे पुष्कळ होती.