गोळी एक, कूळ मोठं

दाढ काढून आलेल्या वहिनींनी रात्री नऊ वाजता जेवून दुखण्याची गोळी घेतली. अर्ध्या तासात नाक वाहू लागलं, डोळे लाल झाले, मग नाक पार चोंदलं. दहाच्या सुमारास छातीत सूं-सूं सुरू झाली. पंप ओढूनही श्वास पुरेना, तेव्हा त्यांना गाडीत घालून आम्ही रुग्णालय गाठलं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी कागद चाळत विचारलं, "अ‍ॅस्पिरिन चालत नाही ना तुम्हाला?" मास्क जरा बाजूला करून त्या म्हणाल्या, "चालत नाही म्हणूनच घेत नाही. आजही घेतली नाही."

त्या खरंच बोलत होत्या. गोळीच्या पाकिटावर डायक्लोफेनॅक लिहिलं होतं. दम्याच्या या प्रकाराला एका गोळीचं नाव पडलं आणि त्या नावानेच त्या रात्री घात केला. म्हणून हे नाव आलं कुठून, ते मुळापासून पाहायला हवं.

अ‍ॅस्पिरिन १८९९ मध्ये जर्मनीत बाजारात आली. थोड्याच वर्षांत ती घेतल्यावर अंगावर गांधी उठल्याचे, ओठ-डोळे सुजल्याचे, दमा उसळल्याचे दाखले वैद्यकात जमू लागले. पण हे सगळे सुटे दाखले होते. त्यातून एक आजार ओळखला तो पॅरिसच्या फर्नां विडाल यांनी. हे नाव आपल्याला परकं नाही. टायफॉइडची शंका आली की रक्ताची जी विडाल टेस्ट करतात, ती यांचीच. १९२२ मध्ये विडाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्त्रीची हकिगत छापली. तिला दमा होता, नाकात मांस वाढलेलं होतं आणि अ‍ॅस्पिरिन सोसत नव्हती. या तीन गोष्टी एकाच आजाराची अंगं आहेत, हे त्यांनी पाहिलं. शिवाय औषधाचा अगदी बारीक डोस देऊन तो हळूहळू वाढवत नेला, तर शरीर ते सोसू लागतं, हेही करून दाखवलं. लेख फ्रेंचमध्ये होता आणि जवळजवळ विस्मृतीत गेला. १९६८ मध्ये शिकागोत मॅक्स सॅम्टर आणि रोलंड बीअर्स यांनी हीच तीन लक्षणं इंग्रजीत सविस्तर मांडली. तेव्हापासून जगभरचे डॉक्टर त्यांना 'सॅम्टरचं त्रिकूट' म्हणू लागले. विडाल यांचं नाव टायफॉइडपुरतं उरलं.

पण मोठं कोडं तसंच होतं. अ‍ॅस्पिरिन न सोसणाऱ्या माणसाला इंडोमेथॅसिननेही धाप लागे. दोन्हींची रासायनिक घडण वेगळी. अ‍ॅलर्जी तर सहसा घडणीवर ठरते: शरीर एका रेणूचा आकार ओळखतं आणि त्याच्यावर तुटून पडतं. मग नात्यागोत्यात नसलेल्या औषधांवर तोच झटका का यावा?

१९७१ मध्ये लंडनला जॉन व्हेन यांनी अ‍ॅस्पिरिनचं मूळ काम शोधलं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनवणारं एक विकर असतं, सायक्लोऑक्सिजनेज. अ‍ॅस्पिरिन ते अडवते. दुखणं आणि ताप त्यामुळेच उतरतात. पोलंडमधल्या क्राकोच्या आंद्रेय श्चेक्लिक यांनी हा धागा उचलला. १९७५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅस्पिरिन न सोसणाऱ्या दमेकऱ्यांना वेगवेगळी वेदनाशामकं मोजून-मापून दिली आणि श्वास तपासला. हीच औषधं प्रयोगशाळेत त्या विकराला किती अडवतात, तेही पाहिलं. दोन्ही याद्या जुळल्या. इंडोमेथॅसिन, मेफेनॅमिक आम्ल अशी विकर अडवणारी औषधं श्वासनळ्या आवळत होती. पॅरासिटामॉल तसं करत नव्हतं. म्हणजे या औषधांचं कूळ रूपावरून ठरत नाही, कामावरून ठरतं. मला या सगळ्या इतिहासात हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

पुढच्या वर्षांत उरलेलं चित्र भरत गेलं. प्रोस्टाग्लँडिनांपैकी ई-टू हे श्वासनळ्यांत लगामाचं काम करतं. त्याच कच्च्या मालापासून दुसऱ्या वाटेने ल्युकोट्राइन बनतात, आणि ती श्वासनळ्या आवळतात, सूज आणतात, नाक गळायला लावतात. या रुग्णांत ल्युकोट्राइन आधीच जास्त बनत असतात आणि ई-टूच्या लगामावर कसंबसं निभावत असतं. गोळीने लगाम सुटला की अर्ध्या तासापासून तीनेक तासांत हल्ला येतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, केटोरोलॅक ही सगळी तोच लगाम सोडतात.

सगळ्या दमेकऱ्यांचं असं होत नाही, हेही तितकंच खरं. मोठ्या वयाच्या दमेकऱ्यांत शंभरात सातएक जणांना हा त्रास असतो, तीव्र दमा असणाऱ्यांत त्याच्या दुप्पट. ओळखायची खूण बहुधा नाकात असते. तिशी-चाळिशीत सर्दी लागते ती हटत नाही, वास जातो, मांस वाढतं, मग दमा येतो. वहिनींच्या नाकाचं ऑपरेशन दोनदा झालं होतं. फोडणी करपली तरी त्यांना धूर दिसेपर्यंत कळत नसे. ही खूण घरातल्या कोणालाच वाचता आली नाही.

मग दुखलं तर घ्यायचं काय? पहिली निवड पॅरासिटामॉल, एका वेळी ५०० मिलिग्रॅम. ते विकराला फार थोडं अडवतं, म्हणून चालतं. पण एकदम १००० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतलं तर या रुग्णांपैकी काहींना सौम्य धाप लागल्याचं दिसलं आहे. दुसरी वाट आहे सेलेकॉक्सिब आणि एटोरिकॉक्सिब यांची. या विकराचे दोन प्रकार आहेत. लगाम प्रामुख्याने पहिल्याच्या हाती आहे आणि ही औषधं मुख्यतः दुसऱ्याला अडवतात. बहुतेकांना ती सोसतात, तरी पहिली गोळी डॉक्टरांसमोर घेऊन दोन-तीन तास तिथेच थांबावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा विचार वेगळा होतो. फारच तीव्र दुखण्याला ट्रॅमाडॉलसारखी औषधं या वाटेने जातच नाहीत, पण तीही डॉक्टरांनी लिहून दिली तरच.

खरा धोका मिश्रणांचा. आपल्याकडे मेडिकलमध्ये पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅसेक्लोफेनॅक एकाच गोळीत मिळतं. पाळीच्या दुखण्याच्या कितीतरी गोळ्यांत मेफेनॅमिक आम्ल असतं. "पॅरासिटामॉलवालीच आहे" एवढ्यावर विसंबू नये. पाकिटामागची बारीक अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचावीत. तेच औषध इंजेक्शनातून दिलं तरी धोका तोच, आणि मलमही टाळलेलं बरं.

विडाल यांची जुनी युक्तीही आता परत आली आहे. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन लागतेच, किंवा नाकातलं मांस पुन्हा-पुन्हा वाढतं, अशा रुग्णांना तज्ज्ञ रुग्णालयात ठेवून ती अगदी थोडीपासून चढवत नेतात. मग ती रोज घ्यावी लागते. दोन-तीन दिवस खंड पडला की सोसण्याची ताकद ओसरते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. घरी हा प्रयोग करणं जिवावर बेतू शकतं.

आजाराच्या नावातून अ‍ॅस्पिरिन काढून तिथे औषधांचं सगळं कूळच घालण्याचा प्रघात युरोपातल्या तज्ज्ञांनी पाडला आहे. वहिनींच्या फाइलवर पूर्वी लाल शाईत 'अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी' असं लिहिलेलं होतं. छातीच्या डॉक्टरांनी ते खोडलं आणि खाली लिहिलं: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक, केटोरोलॅक, अ‍ॅस्पिरिन, सगळी वर्ज्य, पॅरासिटामॉल ५०० चालेल. त्या पानाचा फोटो वहिनींनी मोबाइलमध्ये ठेवला आहे, आणि दाताच्या डॉक्टरांकडे खुर्चीत बसण्याआधी त्या तो दाखवतात.